ग्रामीण मार्ग, किलोमीटर 0/000 ते 1/200

7 जानेवारी 2024, रविवार

पुतण्या सकाळीच दोन फुलस्केप घेऊन हजर. "काका, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिलाय. तेवढा नजरेखालून घाला, उद्या टाकतोच." वाडीतून हमरस्त्याला जाणारा आमचा रस्ता गेल्या उन्हाळ्यात डांबरी झाला आणि दिवाळीपर्यंत त्याची खडी वर आली. दुधाचा टेम्पोवाला आता ओढ्याच्या अलीकडेच थांबतो, कॅन डोक्यावरून तिथवर न्यावे लागतात. पोरगा चिडलाय, आणि अर्जही चिडूनच लिहिलाय.

रस्ता एकाच पावसाळ्यात का उखडला? याला जबाबदार कोण? ठेकेदारावर अद्याप कारवाई का झाली नाही? अधिकाऱ्यांचे व ठेकेदाराचे साटेलोटे आहे काय? या कामाची संपूर्ण माहिती द्यावी. शेवटी कलेक्टर, मुख्यमंत्री आणि दोन वर्तमानपत्रांना प्रत.

नोकरीत असताना शेवटची काही वर्षं माहिती अधिकाराचं टपाल माझ्याच टेबलावर यायचं. त्यामुळे असा अर्ज वाचताना कारकुनाच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. त्याला हायसं वाटतं. पेन्सिल घेऊन मी पोराच्या प्रत्येक प्रश्नासमोर कार्यालय काय उत्तर देईल ते लिहून दाखवलं. पहिल्यापुढे, "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती, कलम 2(च) मध्ये अंतर्भूत नाही." दुसऱ्या-तिसऱ्यापुढे, "वरीलप्रमाणे." साट्यालोट्यापुढे, "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही." आणि 'संपूर्ण माहिती'पुढे आमच्या खात्याचा लाडका शेरा, "मागणी मोघम स्वरूपाची आहे." चार ओळींत अर्ज निकाली. उत्तर तिसाव्या दिवशी निघणार, आणि त्यात बेकायदा म्हणण्यासारखं काही नसणार.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "मग कायदा कशाला आहे?" जेवून ये म्हटलं, उद्या संध्याकाळी बसू.

8 जानेवारी, सोमवार

कायद्याचं पुस्तक काढलं. 2005 चा कायदा, त्या वर्षी 12 ऑक्टोबरपासून लागू. आपल्या राज्यात त्याच्याही आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, पण आता सगळं केंद्राच्या कायद्याखाली चालतं, नियम तेवढे राज्याचे.

पोराला 2(च) वाचायला लावलं. माहिती म्हणजे अभिलेख, दस्तऐवज, अभिप्राय, आदेश, संविदा, अहवाल, नमुने वगैरे. त्याने लगेच बोट ठेवलं, "अभिप्राय आहे की यात. मग रस्ता का उखडला यावर अभिप्राय मागतो." त्याचं वाचन चांगलं आहे, पण अभिप्राय म्हणजे फायलीत आधीच लिहिलेला अभिप्राय. तुझ्यासाठी कोणी नवा बसून लिहिणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली आदित्य बंदोपाध्याय यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. त्याच निकालाने परीक्षार्थींना स्वतःच्या उत्तरपत्रिका पाहण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच निकालात म्हटलं आहे की जी माहिती जमवून ठेवायला कुठला कायदा सांगत नाही, ती कार्यालयाने नव्याने तयार करून देण्याची गरज नाही. लोक पहिला अर्धा भाग सांगतात, कार्यालयं दुसरा.

'का' विचारण्याबद्दलचा निकाल तर आपल्याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आहे, 2008 चा, डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही हे विचारणं म्हणजे समर्थन मागणं, आणि समर्थन ही या कायद्यातली माहिती नव्हे, असा त्याचा सारांश. गेली कित्येक वर्षं राज्यातले जन माहिती अधिकारी या निकालावर अर्ज परत लावताहेत. मला स्वतःला हा निकाल जरा कोता वाटतो, कारण ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं कळवावीत असं याच कायद्याचं कलम 4 सांगतं. पण वाडीच्या रस्त्यासाठी हा वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही.

"म्हणजे कारण कधीच कळणार नाही?"

कळेल. सरकारी कार्यालयात कुठलीही गोष्ट घडते किंवा राहते तेव्हा तिचा माग टिपणीत, पत्रात, नोंदवहीत पडलेला असतो. कारवाई का नाही झाली असं विचारू नको. ठेकेदाराला दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती माग. पत्रं असली तर येतील. नसली तर 'निरंक' असं सहीशिक्क्यानिशी लिहून येईल, आणि तो कागद तुझ्या पाचही प्रश्नांना भारी पडेल.

10 जानेवारी, बुधवार

रस्ता नेमका कोणाचा, हे आधी ठरवायला हवं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, त्यावरचे प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम 6(3). पाठवतातही. पण मधला वेळ जातो आणि अर्ज कुठल्या टेबलावर आहे याचा पत्ता लागत नाही.

म्हणून दोघं जण हमरस्त्याच्या फाट्यावर गेलो. कामाचा फलक तिथे आहे, खालचा कोपरा कुणीतरी जाहिरात चिकटवून झाकलेला. पोराने ती नखाने खरवडून काढली. कामाचे नाव, लेखाशीर्ष, अंदाजित रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी दोन वर्षे. कामाचं नाव वाचायला तीन ओळी: तालुका, वाडीचं नाव, ग्रामीण मार्गाचा क्रमांक, 'किलोमीटर 0/000 ते 1/200 मध्ये सुधारणा करणे'.

हे नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायला सांगितलं. आपण म्हणतो 'वाडीचा रस्ता', ओढ्यापलीकडचे म्हणतात 'मळ्याचा रस्ता'. कार्यालयात या दोन्ही नावांची फाइल नाही. तिथे या तीन ओळींचीच फाइल आहे, त्याच नावाने कार्यारंभ आदेश आहे आणि देयकही त्याच नावाने निघालं आहे. अर्जात तेच नाव असलं की 'कोणत्या रस्त्याबाबत ते स्पष्ट करावे' असं विचारायला जागा उरत नाही. काम 31 मे 2023 ला पूर्ण झाल्याचं फलकावर आहे. फोटो काढला. शेजारी खडी पसरलेली होती, तिचाही पोराने काढला. काढू दे म्हटलं, पण तो अर्जाला लावायचा नाही.

11 जानेवारी, गुरुवार

आज मसुदा. आपल्या राज्यात 2012 पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि मजकूर शक्यतो 150 शब्दांच्या आत. दोन विषय घातले तर पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणून सांगता येतं. पुष्कळ कार्यकर्ते या नियमावर रागावतात. राग बरोबर आहे, कारण मूळ कायद्यात अशी मर्यादा नाही. पण नेमकं लिहायला बसलं की 150 शब्द पुरून उरतात, हेही खरं.

नमुना 'अ' घेतला. त्यात रकाने ठरलेले आहेत: नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, माहितीचं वर्णन, टपालाने हवी की समक्ष, दारिद्र्यरेषेखाली आहात काय. माहिती कशासाठी हवी हा रकाना नाही, आणि कार्यालयाला ते विचारताही येत नाही. म्हणून पोराच्या अर्जातली प्रस्तावना, दुधाचा टेम्पो, आजारी आजी, सगळं काढलं. त्याला वाईट वाटलं.

कालावधी घातला 1 एप्रिल 2022 ते 31 डिसेंबर 2023. अंदाजपत्रक काम सुरू होण्याच्या आधीच्या वर्षी झालेलं असतं, ते निसटू नये म्हणून मागे गेलो. वर्णन असं झालं:

"वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. 1) मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पत्रकासह. 2) कार्यारंभ आदेश. 3) करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीचे कलम असलेले पान. 4) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची पाने. 5) अदा केलेली सर्व देयके व त्यांसोबत ठेकेदाराने सादर केलेली डांबर खरेदीची चलने. 6) काम पूर्ण झाल्यानंतर दुरुस्तीसाठी ठेकेदारास पाठवलेली पत्रे, जावक क्रमांक व दिनांकासह. यांपैकी एखादा अभिलेख कार्यालयात उपलब्ध नसल्यास त्या क्रमांकासमोर तसे नमूद करावे."

शेवटचं वाक्य मी आग्रहाने घातलं. ते नसलं की कार्यालय चार कागद देतं आणि उरलेल्या दोनांबद्दल मौन पाळतं. उत्तर आलं असं वाटतं, आणि राहिलेलं काय ते आपल्याही ध्यानात येत नाही.

पोराने विचारलं, नेमके हेच सहा का? कारण ते एकमेकांना तपासतात. काय करायचं ठरलं ते अंदाजपत्रकात, काय केलं ते मोजमाप पुस्तिकेत, किती पैसे गेले ते देयकात. नुसतं देयक मागितलं तर आकडा कळतो आणि त्या आकड्याचं करायचं काय हे कळत नाही. 'संपूर्ण फाइल' मागितली असती तर निविदेची शेकडो पानं आली असती आणि हे सहा कागद त्यात पुरले गेले असते.

त्याला रस्त्यातल्या डांबराचा तुकडाही हवा होता. कायद्यात सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, कलम 2(ञ). पण नमुना कुठून काढायचा, कोणासमोर, सील कोणी करायचं, तपासायचा कुठे, हे सगळं आधी ठरावं लागतं. तो वेगळा अर्ज, गरज लागली तर.

13 जानेवारी, शनिवार

पोराने बोभाटा केला असणार. पलीकडच्या आळीतल्या वहिनी आल्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला, सात महिने होत आले, तहसीलमध्ये 'होईल' एवढंच सांगतात. "भाऊजी, माझं नाव का नाही आलं ते विचारा." त्यांच्याकडे अर्जाची पोच जपून ठेवलेली होती, तीही प्लास्टिकच्या पिशवीत. त्यामुळे काम सोपं झालं.

इथे मागायचं वेगळं. अमुक क्रमांकाच्या, अमुक दिनांकाच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी. तो ज्या ज्या कर्मचाऱ्याकडे होता त्याचं पदनाम आणि त्याच्याकडे आल्या-गेल्याची तारीख दाखवणारी नोंद. आणि ज्या बैठकीत तो ठेवला असेल त्या समितीच्या इतिवृत्ताचा उतारा. अशा अर्जाचं उत्तर लिहायला बसलेल्या माणसाला आधी फाइल हुडकावी लागते. बऱ्याचदा तेवढ्यानेच ती हलते. दारिद्र्यरेषेचा दाखला जोडला, त्यामुळे शुल्क नाही.

16 जानेवारी, मंगळवार

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून रस्त्याचा अर्ज बांधकाम उपविभागात दिला. बारनिशीला बसलेली मुलगी म्हणाली, "साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या आणा." साहेब आवकेचा शिक्का मारत नाहीत, तो तुमच्याच टेबलावर आहे, असं हसत सांगितलं. तिनेही हसून मारला. आमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही बघून घेतलं. तीस दिवस या तारखेपासून मोजायचे. पोच नसली की अर्ज केला होता हेच सिद्ध करत बसावं लागतं.

ऑनलाइनही करता येतो, पण उपविभागाच्या पातळीवरचं कार्यालय तिथे यादीत सापडेलच असं नाही. कागद बरा.

30 जानेवारी, मंगळवार

दोन पत्रं एकदम. पहिलं, मुद्दा 3 चा करारनामा विभागीय कार्यालयात असल्याने तेवढा भाग कलम 6(3) खाली तिकडे वर्ग केला. योग्यच आहे.

दुसरं, 25 तारखेचं: 212 पाने, प्रत्येकी 2 रुपये, एकूण 424 रुपये भरावेत. पोरगा पैसे काढायलाच निघाला होता. आपण मागितलेले कागद 212 पानांचे होणं शक्य नाही, थांब म्हटलं. मागणीचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये धरत नाहीत, म्हणून फार रेंगाळायचंही नाही. सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख बघायला खुले ठेवावेत असा शासनाचा 2018 चा आदेश आहे. पुण्याच्या महापालिकेत ही प्रथा त्याच्याही आधीपासून होती. सोमवारी जाऊन बघू आणि हवी ती पानंच घेऊ.

5 फेब्रुवारी, सोमवार

उपअभियंता ओळखीचे निघाले. "भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा आता?" असं म्हणून चहा मागवला. चहा घेतला, पेन टेबलावर ठेवलं. अवलोकनाच्या वेळी नुसती पेन्सिल जवळ ठेवायची असाही 2012 चा नियम आहे. कुणाला अपमान वाटतो, मला वाटत नाही. अभिलेखात शाईने खाडाखोड करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते सगळे अर्जदार नव्हते.

212 पानांचं कोडं उलगडलं. निविदेच्या छापील अटी त्यात घातल्या होत्या, आणि मोजमाप पुस्तिका अख्खी धरली होती. एका पुस्तिकेत बऱ्याच कामांच्या नोंदी असतात. आपलं काम सात पानांत होतं.

पोराला पुस्तिका कशी वाचायची ते दाखवलं. लांब, पुठ्ठ्याची वही, पानांना छापील क्रमांक, म्हणजे पान फाडलं तर कळतं. रकाने: बाबीचं वर्णन, नग, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. चुकलेला आकडा खोडून शेजारी सही केलेली असावी, वर गिरवलेला नसावा. खाली मोजमाप घेणाऱ्या शाखा अभियंत्याची सही आणि तारीख, तपासणी करणाऱ्या उपअभियंत्याची वेगळी. देयकावर पुस्तिकेचा क्रमांक आणि पानं लिहिलेली असतात. ती जुळतात का ते आधी पाहायचं. आमची जुळली.

20 मिलिमीटर जाडीचं डांबरी कार्पेट: लांबी 1200 मीटर, रुंदी 3 मीटर, परिमाण 3600 चौरस मीटर. पोराची खात्री होती की लांबी चोरली आहे. रविवारी त्याने मित्राला घेऊन टेपने मोजलं होतं, ते बाराशेला थोडं जास्तच भरलं. त्याचा चेहरा पडला. पडू दे, हेही कळायलाच हवं होतं.

मग त्याला जाडीचा रकाना दाखवला. रिकामा. तो मुद्दाम रिकामा ठेवलेला नाही. कार्पेटचे पैसे चौरस मीटरवर देतात, म्हणून जाडी मोजमापात येतच नाही. रस्ता वीसऐवजी बारा मिलिमीटरचा झाला असला तरी या पानावर 3600 चौरस मीटरच दिसणार. जाडीचा अंदाज डांबरावरून येतो. अशा कार्पेटला 10 चौरस मीटरला 14.6 किलो डांबर धरतात, म्हणजे आमच्या रस्त्याला सव्वापाच टनांच्या आसपास, वरचा सीलकोट वेगळा. तेवढं डांबर या कामासाठी खरंच उचललं का, हे शुद्धीकरण कारखान्याच्या चलनावरून पाहायचं. म्हणून पाचव्या मुद्द्यात चलनं मागितली होती.

देयकाच्या गठ्ठ्यात चलनं नव्हती. "ती वेगळ्या फायलीत असतात," असं उत्तर मिळालं. निवडलेल्या 38 पानांची चिठ्ठी केली, 76 रुपये भरले, पावती घेतली.

14 फेब्रुवारी, बुधवार

प्रती आल्या, मुदतीत. अंदाजपत्रक, आदेश, सात पानं, देयकं, सगळं शिक्क्यानिशी. विभागीय कार्यालयाकडून करारनाम्याचं पानही आलं: काम पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांत आढळलेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दूर करायचे, न केल्यास अनामत रकमेतून करून घ्यायचे.

मुद्दा 6 समोर एकच शब्द: निरंक.

म्हणजे रस्ता उखडला, दोष दूर करून घ्यायचं कलम हातात होतं, अनामत हातात होती, आणि डिसेंबरअखेर एकही पत्र ठेकेदाराला गेलं नाही. हे आता आमचं म्हणणं राहिलेलं नाही. ते कार्यालयाने स्वतः लिहून दिलं आहे. पोराने पहिल्या दिवशी विचारलेल्या 'कारवाई का नाही'ला याहून नेमकं उत्तर मिळालं नसतं.

चलनांबद्दल मात्र: "ठेकेदाराची व्यापारविषयक माहिती असल्याने कलम 8(1)(घ) अन्वये देता येत नाही." खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम आणि तीस दिवसांची मुदत नियमाप्रमाणे दिली आहे.

20 फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं अपील. नमुना 'ब', वीस रुपयांचं तिकीट. पोराने पुन्हा दोन पानं लिहून आणली होती, त्यात माहिती अधिकाऱ्यावर दंडाची मागणी. दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, ते सगळं त्याने वाचून काढलंय. पण दंड करायचा अधिकार राज्य माहिती आयोगाला आहे, पहिल्या अपिलात तो मागून काही उपयोग नाही.

अपिलात फक्त मुद्दा 5 चा उत्तरार्ध धरला. चलनं ठेकेदाराने सार्वजनिक पैशातून देयक मिळवण्यासाठी सादर केली आहेत, ती देयकाचाच आधार आहेत. डांबर किती उचललं आणि केव्हा, एवढ्याने कोणाच्या स्पर्धेत बाधा येत नाही. आणि एखादा मजकूर खरोखर गोपनीय असलाच तर कलम 10 प्रमाणे तो झाकून उरलेलं द्यावं. बाकी मुद्द्यांची माहिती मिळाली असंही स्पष्ट लिहिलं. अपिलीय अधिकाऱ्याला एकाच गोष्टीवर हो किंवा नाही म्हणायचं ठेवलं की सुनावणी लांबत नाही.

त्याच दिवशी दुसरा कागद कार्यकारी अभियंत्याला. हा माहितीचा अर्ज नव्हे, साधा तक्रारअर्ज. माहिती अधिकारात कागद मिळतो, रस्ता दुरुस्त होत नाही, हे पोराला पटायला वेळ लागला. 'दोषदायित्व कालावधी 31 मे 2025 पर्यंत आहे, करारनाम्यातील कलमानुसार ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.' सोबत करारनाम्याचं पान, मुद्दा 6 चं उत्तर, आणि आता खडीचे फोटो.

वहिनींचा निरोप आला. तलाठ्याने घरी येऊन उत्पन्नाचा दाखला नव्याने मागून नेला. टिपणी अजून हातात आलेली नाही.

14 मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. पोराला बोलू दिलं, तो मुद्द्याला धरून बोलला. अपिलीय अधिकाऱ्यांनी माहिती अधिकाऱ्याला विचारलं, "चलन नसताना देयक अदा करता का?" "नाही साहेब." "मग ते देयकाचा भाग आहे." चलनांच्या प्रती दहा दिवसांत विनामूल्य द्याव्यात, असा आदेश तिथेच लिहिला.

निघताना जावकेच्या टेबलावर दुसरं पत्र मिळालं: ठेकेदाराला पाठवलेली दुरुस्तीची नोटीस, प्रत माहितीसाठी आम्हाला. जावक दिनांक 11 मार्च 2024. काम पूर्ण झाल्यानंतर या रस्त्याबाबत ठेकेदाराला गेलेलं हे पहिलं पत्र. नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर अनामत रकमेतून केलेल्या कार्यवाहीची टिपणी मागायची, आणि त्या अर्जाचा विषय व कालावधी पोराने परतीच्या एसटीतच लिहून काढला.